५०० पाशी भाव का अडखळतो? सपोर्ट, रेझिस्टन्स आणि गोल आकडे

कुतूहल (धागाकर्ता)

चार्टवर आडव्या रेघा मारायला शिकलो आहे, पण एक गोष्ट पटत नाही म्हणून हा धागा.

जुन्या नीचांकावरून रेघ मारली की तो सपोर्ट, हे समजतं. तिथे आधी कुणीतरी खरेदी केली होती, ज्यांची हुकली त्यांना तो भाव लक्षात राहिला, परत आला तर घेऊ म्हणून ते टपून बसले. ठीक. पण ५००, १०००, २००० असे आकडे आले की मागे काहीच घडलेलं नसताना भाव घुटमळतो. शेअर आयुष्यात पहिल्यांदा इतका वर आलाय, डावीकडचा चार्ट कोरा आहे, तरी १००० च्या अलीकडे त्याचा पाय अडतो. कंपनीच्या धंद्याला ९८७ काय आणि १००० काय!

"मानसिक पातळी" हे उत्तर सगळीकडे मिळतं. पण मनातली गोष्ट भावात उतरते कशी? आणि दुसरं असं, की तोटा वाढू नये म्हणून ५०० च्या जरा खाली आपोआप विकायची ऑर्डर, म्हणजे स्टॉप लॉस, लावला की नेमका तोच उडतो आणि भाव परत वर जातो, अशी तक्रार प्रत्येकाची असते. हा योगायोग म्हणायचा की यामागे काही कारण आहे?

टवाळ

मानसिक पातळी म्हणजे जिथे भाव आला की माझी ढासळते ती.

कांडीवाला

यात अवघड काही नाही. सगळे बघतात म्हणून चालतं. लाखो लोकांच्या स्क्रीनवर ५०० ची रेघ असते, भाव तिथे आला की सगळे एकदम घेतात, भाव उसळतो. मेंढरं एका वाटेनं जातात, आपणही त्याच वाटेनं जायचं. जितक्या वेळा टच, तितका सपोर्ट मजबूत. तीन टच झाले की मी डोळे झाकून घेतो.

स्टॉप लॉसचं म्हणाल तर मोठे खेळाडू आपले स्टॉप बघत असतात आणि मुद्दाम उडवतात. हे उघड गुपित आहे.

अनघा_द

माझाही कायम गोल आकडाच असतो. १०० नाहीतर २०० शेअर. १३७ वगैरे कधी घेतलेच नाहीत, हिशोबाला बरं पडतं. यामुळे काही तोटा होतो का?

कुतूहल

अनघाताई, मी शेअरच्या संख्येबद्दल नाही, भावाबद्दल विचारतोय. ५०० हा भाव.

अनघा_द

अरेच्चा, हो का! पण भावही मी गोलच टाकते. विकायचं असेल तर ५०० ला ऑर्डर लावून ठेवते. ४९९.३५ असं कुठून सुचणार?

जुना_डीलर

अनघाताईंनी प्रश्न चुकीचा वाचला, पण उत्तर त्यांच्याच पोस्टमध्ये आहे.

मी बरीच वर्षं बँकेच्या डीलिंग रूममध्ये चलनांच्या टेबलावर होतो. कांडीवाला म्हणतात तसं "सगळे बघतात म्हणून चालतं" यानं निम्मंच उत्तर मिळतं. सगळे ५०० कडे बघतायत हे मान्य केलं, तरी भाव तिथून उलटेल की तिथून धावत सुटेल हे त्यातून कळत नाही. बघण्यानं भाव हलत नाही, ऑर्डरनं हलतो. म्हणून विचारायचं ते हे, की ५०० पाशी कुठल्या जातीच्या ऑर्डरी पडून आहेत आणि नेमक्या कुठल्या पैशावर.

कॅरोल ऑस्लर या अर्थतज्ज्ञ बाईंनी हे तपासलं होतं. एका मोठ्या बँकेकडे ग्राहकांनी ठेवलेल्या चलनांच्या ऑर्डरी त्यांना अभ्यासायला मिळाल्या. डॉलर-येन, युरो-डॉलर, पौंड-डॉलर अशा जोड्या, १९९९-२००० सालचा काळ. २००३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: नफा काढून घेण्याच्या ऑर्डरी बरोबर गोल आकड्यावर दाटलेल्या होत्या. स्टॉप लॉस मात्र आकड्यावर नव्हते, ते आकडा ओलांडल्यावर लगेच पलीकडे होते. विकायचे स्टॉप गोल आकड्याच्या किंचित खाली, खरेदीचे स्टॉप किंचित वर.

म्हणजे चार्टवर आपण एक रेघ मारतो, पण तिथे प्रत्यक्षात दोन थर असतात. ५०० वर भावाला अडवणारा थर, आणि त्याच्या खाली चार-दोन आण्यांवर, मोडला की भावाला ढकलणारा थर. पहिला थर टिकला की आपण "सपोर्ट चालला" म्हणतो. तो संपला की दुसरा पेट घेतो आणि आपण "काय जोरात तुटला" म्हणतो. दोन्हीचं मूळ एकच: अनघाताईंना ४९९.३५ सुचत नाही.

कांडीवाला

म्हणजे मी म्हणतो तेच झालं की. लोक गोल आकड्यावर ऑर्डर टाकतात.

जुना_डीलर

निम्मं तेच. "एकदम घेतात" तिथे फरक आहे. भाव आल्यावर कुणी ठरवून घेत नाही, त्या ऑर्डरी आधीपासून रांगेत असतात. आणि रांग संपू शकते.

गणिती

जुना_डीलर, तुम्ही सांगितलेला अभ्यास चांगलाच आहे, पण तो चलनांचा आणि एका बँकेच्या ग्राहकांचा. शेअरला तो जसाच्या तसा लावताना जपून.

ऑस्लर यांचाच त्याआधीचा, २००० सालचा एक अभ्यास मला जास्त आवडतो, कारण त्यात तुलना आहे. सहा संस्था आपल्या ग्राहकांना रोज सपोर्ट-रेझिस्टन्सच्या पातळ्या पाठवत असत. १९९६ ते १९९८ मधल्या त्या पातळ्या घेऊन त्यांनी पाहिलं की भाव पातळीला भिडला, तर पंधरा मिनिटांनी तो मागे फिरलेला असतो की पलीकडे गेलेला. मग संगणकानं हजारो मनमानी पातळ्या तयार करून त्यांनाही हीच परीक्षा दिली. संस्थांच्या पातळ्यांवरून भाव साधारण ६० टक्के वेळा मागे फिरला. मनमानी पातळ्यांवरून ५६ टक्क्यांच्या आसपास.

हा दुसरा आकडा नीट बघा. कुठेही डोळे मिटून रेघ मारली, तरी निम्म्याहून जास्त वेळा भाव तिथून "उसळतो". आपण चार्टवर बोट ठेवून "बघा, इथूनही फिरला" म्हणतो, त्यातलं बहुतेक हेच असतं. खरा फायदा वरच्या चार-पाच टक्क्यांचा, आणि त्यातूनच ब्रोकरेज आणि बिड-आस्कमधला फरक भरायचा. फायदा आहे, पण डोळे झाकून घेण्याइतका नाही.

आणखी एक. त्या संस्था काही पातळ्यांना "मजबूत" असा शेराही देत. त्या शेऱ्याला काही अर्थ निघाला नाही. मजबूत म्हटलेल्या पातळ्या इतरांपेक्षा जास्त टिकल्या नाहीत.

आणि धागाकर्त्यांसाठी: त्या संस्थांच्या बहुतेक सगळ्या पातळ्यांचा शेवटचा अंक ० किंवा ५ होता. तज्ज्ञांनासुद्धा ४९९.३५ सुचत नाही.

टवाळ

शेवटचा अंक ० किंवा ५. आमच्या गणिताच्या पेपरातल्या गुणांसारखंच की.

रेघोट्या

माझा अनुभव सांगतो. एका शेअरमध्ये ५०० ला सपोर्ट होता, मी ४९९.९० ला स्टॉप लावला. सुटला ४९८.२० ला! ब्रोकरला विचारलं तर म्हणे मार्केटनं दिलेला भाव आहे. पावणेदोन कुठे गेले? आणि तासाभरात शेअर ५०३. कांडीवाला म्हणतात ते खरंच आहे, कुणीतरी बघतं आपल्याला.

जुना_डीलर

रेघोट्या, तुमचीच केस सोडवून बघू. आकडे मी समजण्यापुरते घेतोय.

शेअर ५२० वरून उतरत येतोय. बरोबर ५०० वर ६०,००० शेअरच्या खरेदीच्या ऑर्डरी रांगेत आहेत. यात "५०० ला आला तर घेऊ" म्हणणारे आहेत, आणि ज्यांनी वर शॉर्ट केलं होतं, म्हणजे हातात नसताना विकलं होतं, ते ५०० ला नफा घेऊन मोकळे होणारेही आहेत. या ऑर्डरी बुकात सगळ्यांना दिसतात. ५०० च्या खाली खरेदीदार विरळ आहेत, कारण ज्याला घ्यायचं होतं त्यानं ५०० च लिहिलंय. पुढचा बरा साठा थेट ४९८ च्या आसपास.

जे दिसत नाहीत ते स्टॉप. समजा ४९९.९० ला १२,००० आणि ४९९.५० ला १०,००० शेअर विकायचे स्टॉप आहेत.

पहिल्या भेटीत ५०० वर २०,००० शेअर विकले जातात, विकणारे दमतात, भाव ५०७ ला जातो. दुसऱ्या भेटीत आणखी २५,००० खपतात, या वेळी उसळी ५०३ पर्यंतच. आता रांगेत उरले १५,०००. चार्टवर मात्र दोन सुंदर टच दिसतायत आणि सगळे खूश आहेत.

तिसऱ्या वेळी कुणीतरी २०,००० शेअर एका दमात विकायला काढतो. १५,००० ला ५०० वर गिऱ्हाईक मिळतं आणि रांग संपते. उरलेले ५,००० खालच्या विरळ खरेदीवर पडतात आणि सौदा ४९९.९० ला होतो. इथे पहिले १२,००० स्टॉप जागे होतात. स्टॉप जागा झाला की तो साधी मार्केट ऑर्डर होतो, मिळेल त्या भावाला विका. पण ४९९.९० ते ४९९.५० मध्ये घेणारे आहेत जेमतेम ५,०००. ते संपले की ४९९.५० चे १०,००० जागे होतात. आता विकायला १७,००० आणि खाली जवळपास कुणीच नाही, म्हणून भाव ४९८ च्या साठ्यावर जाऊन आदळतो. तुमचे शेअर त्या गर्दीत ४९८.२० ला सुटले. तुमचे पावणेदोन ब्रोकरनं नाही घेतले, तुमच्याच रांगेतल्या इतर स्टॉपवाल्यांनी तुमच्या आधी खरेदीदार खाऊन टाकले.

आणि मग शांतता. कारण ५०० च्या खाली ज्यांनी विकलं त्यातल्या बहुतेकांना विकायचं नव्हतंच, त्यांच्या स्टॉपनं विकलं. विक्री संपली, खरेदीदार परत आले, तासाभरात ५०३. याला कट करणारा खलनायक लागत नाही.

रेघोट्या

समजलं. पण कुणी मुद्दाम ढकलत नाही असं म्हणताय का तुम्ही?

जुना_डीलर

तसं नाही म्हणत. चलनांच्या बाजारात ग्राहकांचे स्टॉप बँकेच्या डीलरच्या वहीतच असत. आपल्याच बँकेकडचे स्टॉप कुठे आहेत हे त्याला ठाऊक असायचं, आणि त्याचा कुणीच फायदा घेतला नाही असं शपथेवर सांगणार नाही. शेअर बाजाराच्या बुकात स्टॉप इतरांना दिसत नाहीत. पण दिसायची गरजच कुठे आहे? ५०० च्या दहा पैसे खाली असणार हे कुणीही सांगेल.

कांडीवाला

तुमच्या हिशोबानं टच जितके जास्त तितका सपोर्ट कमजोर. मी वर्षानुवर्षं उलटं बघत आलोय. वारंवार भाव तिथून फिरतो म्हणजे तिथे कुणीतरी मोठा बसलाय. तुमच्या उदाहरणात ६०,००० एकदाच ठेवले आणि संपवले. खऱ्या बाजारात रांग परत भरते.

जुना_डीलर

हा मुद्दा रास्त आहे. रांग भरते की नाही यावरच सगळं आहे, आणि ते चार्टवरून कळत नाही. मी उसळीची उंची बघतो. ५०७, मग ५०३, मग ५०१.५० अशी उसळी बुटकी होत गेली, तर भरण्यापेक्षा खपणं जास्त चाललंय असं धरतो. दर वेळी तितकाच वर जात असेल तर कांडीवाला बरोबर.

गणिती

दोन्ही बाजूंनी उदाहरणं मिळतात, आणि भाव मोडल्यावर कुठली बाजू बरोबर होती ते ठरतं. उसळीच्या उंचीचा नियम ऐकायला पटतो, पण मनमानी रेघांशी तुलना करून तपासलेला मी तरी पाहिलेला नाही.

निवृत्त_गुंतवणूकदार

तरुण मंडळी मिनिटांत बोलतायत. गोल आकडा वर्षानुवर्षंही अडवू शकतो. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक १९६६ च्या सुरुवातीला दिवसाच्या सौद्यांत १००० ला शिवून आला. १००० च्या वर पहिल्यांदा बंद झाला तो १४ नोव्हेंबर १९७२ ला. त्यानंतरही खाली-वर होत राहिला आणि १००० ला कायमचा मागे टाकायला १९८२ उजाडलं. सोळा वर्षं एका आकड्यानं अडवून धरली!

गणिती

काका, तारखा बरोबर, पण सोळा वर्षं आकड्यानं अडवली असं कसं म्हणता येईल? त्या काळात अमेरिकेत महागाई होती, व्याजदर चढे होते, तेलाचे धक्के बसले. डाऊ तेव्हा ९४० लाही अडला असता, फक्त त्यावर कुणी बातमी लिहिली नसती. रोजच्या ऑर्डरींची दाटी सोळा वर्षं टिकत नाही.

निवृत्त_गुंतवणूकदार

असेल. पण आम्ही ते दिवस जगलोय, तुम्ही आकडेवारीत वाचलेत.

फ्रँकफर्टर

"तिथे कुणीतरी मोठा बसलाय" यावरून आठवलं. गोल आकड्यावर बसलेल्या मोठ्या खरेदीदाराचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे युरो-स्विस फ्रँकचं १.२०. तिथे अंदाज बांधायची गरजच नव्हती. ६ सप्टेंबर २०११ ला स्विस मध्यवर्ती बँकेनं जाहीरच केलं की एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही, त्यासाठी लागतील तितके युरो विकत घेऊ. फ्रँक त्यांचाच, हवे तितके छापता येतात. म्हणजे कधीच न संपणारी रांग.

तीन वर्षांहून जास्त काळ ते टिकलं. भाव १.२० च्या जवळ आला की ट्रेडर लोक युरो घ्यायचे आणि स्टॉप १.२० च्या किंचित खाली ठेवायचे. धोका चिमूटभर, कारण खाली जाणारच नाही. १५ जानेवारी २०१५ ला बँकेनं ती मर्यादा अचानक काढून टाकली. १.२० च्या खाली घेणाराच कुणी नव्हता, कारण तीन वर्षं तिथे खरेदीची ऑर्डर ठेवायची कुणाला गरज पडली नव्हती. काही मिनिटांत भाव १.०० च्याही खाली जाऊन आला. १.१९९० ला लावलेले स्टॉप कुठल्या कुठे सुटले. कित्येकांच्या खात्यात भरलेल्या पैशांपेक्षा जास्त नुकसान झालं आणि काही ब्रोकर त्यात बुडाले.

जुना_डीलर यांचे दोन थर इथे टोकाच्या रूपात दिसतात. वरचा थर जितका भरवशाचा वाटतो, तितके खालचे स्टॉप दाटत जातात आणि खालचे खरेदीदार विरळ होत जातात.

टवाळ

कांडीवाला, किती टच झाले होते म्हणे १.२० ला?

कांडीवाला

मध्यवर्ती बँकेनं शब्द फिरवला त्याला चार्ट काय करणार? ते उदाहरण इथे गैरलागू आहे.

शून्य_ब्रोकरेज

ऑप्शनचा उल्लेख कुणीच केला नाही. स्ट्राइक, म्हणजे ज्या भावाला शेअर घ्यायचा-विकायचा हक्क ऑप्शन देतो ते भाव, सगळे गोल आकड्यांवर असतात. एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शन विकणारे भाव स्ट्राइकला चिकटवून ठेवतात, त्यांना प्रीमियम पचवायचा असतो. गोल आकड्याचं खरं गुपित हे.

जुना_डीलर

चिकटतो हे खरं, अमेरिकी शेअरांवर एक्स्पायरीच्या दिवशी ते दिसलेलं आहे. पण कारण बहुधा उलट आहे. ज्याच्याकडे ऑप्शन विकत घेतलेले आहेत आणि जो शेअर घेऊन-विकून त्यांचा धोका भरून काढतोय, म्हणजे हेज करतोय, त्याला भाव वर गेला की विकावं लागतं आणि खाली आला की घ्यावं लागतं. त्यामुळे भाव स्ट्राइककडे ओढला जातो. ऑप्शन विकलेल्याला हेज करताना याच्या बरोबर उलट करावं लागतं. वर गेला की घ्या, पडला की विका. त्यानं भाव स्ट्राइकपासून लांब पळतो. तेव्हा हेज करणारे कुठल्या बाजूला आहेत हे कळल्याशिवाय "चिकटेल" म्हणता येत नाही.

शून्य_ब्रोकरेज

हम्म. म्हणजे दर एक्स्पायरीला का चिकटत नाही याचं उत्तर मिळालं.

कुतूहल

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. गणितींचं वाचून मी स्वतःच तपासायला बसलो. एका शेअरचा जुना चार्ट उघडला आणि २०० वर तीन वेळा अगदी काटेकोर अडलेला सापडला. मग रोजचे नीचांक घेऊन असं मोजलं:

```python
r = df["Low"] % 100
print(r.between(0, 1).mean())
print(r.between(37, 38).mean())
```

गोल शंभराच्या लगेच वर किती नीचांक झाले आणि ३७ च्या वर किती, एवढंच. दोन आकड्यांत फारसा फरक नाही. म्हणजे गोल आकड्याचं सगळं थोतांड?

गणिती

तपासलंत हे उत्तम, पण निष्कर्ष काढायची घाई नको. यात दोन गोची आहेत.

छोटी आधी. एकच शेअर घेऊ नका. तो दोन वर्षं १३० ते १४५ मध्ये रेंगाळला असेल तर ३७ आपोआप भरपूर वेळा मिळेल, त्यात ३७ चं काही कर्तृत्व नाही. वेगवेगळ्या भावांचे पुष्कळ शेअर एकत्र घ्या.

मोठी गोची अशी. तुम्ही उतरवलेले भाव बहुधा ॲडजस्टेड आहेत. शेअरचं विभाजन झालं, बोनस आला, की जुने भाव मागे जाऊन भागले जातात. समजा त्या काळी शेअर खरोखर ९६०-१००० च्या घरात होता आणि नंतर एकाचे पाच झाले. आज चार्टवर ते भाव १९२-२०० दिसतात. तुमचे तीन टच खरंच २०० ला नव्हते, १००० ला होते. इथे नशिबानं पाचनं भागून परत गोल आकडाच आला. पण एकाचे तीन झाले असते तर १००० चा अडथळा आज ३३३.३३ ला दिसला असता आणि तुमच्या मोजणीत "गोल नाही" या रकान्यात गेला असता. उलट त्या काळच्या ६०० ला आज २०० ची शोभा आली असती. लाभांशही वजा केलेला असेल तर १००० चं १८७ आणि काही पैसे असं काहीही होतं.

ऑर्डर टाकणाऱ्यानं त्या दिवशी स्क्रीनवर जो आकडा बघितला तोच गोल की नाही ते मोजायचं. म्हणजे मूळ, न बदललेले भाव. बऱ्याच चार्ट साइटवर ही निवड असते, पण आपोआप मिळतात ते ॲडजस्टेड.

रेघोट्या

थांबा थांबा. म्हणजे मी पाच वर्षांपूर्वीच्या भावावरून ज्या रेघा मारून ठेवल्यात, त्यातल्या निम्म्या कुणी कधी बघितलेल्याच नाहीत?

गणिती

रेघेची जागा चुकत नाही. तेव्हा अडकलेल्याची खरेदी किंमतही त्याच पटीत बदलते आणि त्याला खात्यात नवी सरासरी दिसते. पण "गोल" असण्याचा भाग मात्र तिथून गेला.

जुना_डीलर

यात फ्युचरचीही भर घाला. रोख भाव ५०० असताना फ्युचर ५०२.५० ला असू शकतो. स्टॉप कुठल्या स्क्रीनवरच्या ५०० खाली आहेत, हे ज्या बाजारात उलाढाल जास्त त्यावर ठरतं. कित्येकदा चार्टवर "५०० च्या वरच अडला" असं दिसतं ते दुसऱ्याच ५०० मुळे.

अनघा_द

मला एवढंच सांगा, ५०० ला विकायला ठेवू की ४९९.३५ ला?

जुना_डीलर

ताई, विकायचंच ठरलं असेल तर ४९९.६० किंवा त्याच्या आसपास. ५०० च्या रांगेत तुमच्या पुढे कितीजण आहेत ते माहीत नसतं. भाव ४९९.९५ वरून मागे फिरला तर चाळीस पैशांच्या मोहापायी शेअर हातात राहतात.

कुतूहल

आणि स्टॉप? माझा दुसरा प्रश्न तोच होता. ५०० च्या लगेच खाली नको हे कळलं. मग कुठे?

कांडीवाला

मी स्टॉप सिस्टीममध्ये टाकतच नाही. दिवस ५०० च्या खाली बंद झाला तरच विकतो. मधली सगळी गडबड टळते.

फ्रँकफर्टर

१५ जानेवारी २०१५ ला दिवस बंद होईपर्यंत थांबलेल्यांचं काय झालं ते एकदा वाचा.

कांडीवाला

रोजच्या शेअरला ते लागू नाही हो.

जुना_डीलर

माझा क्रम असा. आधी ठरवायचं की कुठला भाव आला म्हणजे आपलं घेण्याचं कारणच खोटं ठरलं. वरच्या उदाहरणात ५०० तुटून भाव ४९८ च्या साठ्यापर्यंत येणं ही स्टॉपची साखळी होती, त्यात शेअरबद्दल नवं काही कळलं नाही. ४९८ चा साठाही संपून खाली नवे विकणारे आले, तर कळलं. म्हणून मी ४९७.३० सारख्या जागी ठेवेन. ५०२ ला घेतले असतील तर दर शेअरमागे धोका २.१० ऐवजी ४.७० होतो. मग संख्या निम्म्याहून कमी करायची. आधी १०० घेणार होतो तिथे ४५. लोक स्टॉप लांब नेतात, संख्या तीच ठेवतात, आणि मग म्हणतात की लांब स्टॉपनं जास्त मारलं.

अनघा_द

४५? हिशोबाला किती वाईट!

गणिती

४९७.३० ला बरेचजण आले की तिथेही तेच होणार, हे आहेच. कुतूहल, मूळ भावांवर पुन्हा मोजलंत तर नीचांक आणि उच्चांक वेगवेगळे मोजा, आणि त्यातही दिवसाचा बंद भाव घेऊ नका. दाटी असते ती सौदा चालू असताना, बंद होताना वेगळीच मंडळी असतात.

कुतूहल

मूळ भावांची फाईल उतरवतोय. एका शेअरमध्ये बोनसची तारीख दोन ठिकाणी वेगवेगळी दिसतेय, ती कुठली धरायची?

गणिती

ज्या दिवशी भाव एकदम निम्मा झालेला दिसेल ती.